गेजवरच्या शून्याचे सहा मार्क

पेपर तपासण्यात माझा हात धरणारं या डिपार्टमेंटात कोणी नाही, असं मी तेव्हा स्वतःच ठरवून टाकलं होतं. यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एम.टेक. करत होते आणि सोबत टीचिंग असिस्टंट होते. म्हणजे ट्युटोरियल घ्यायचं, प्रॅक्टिकलला उभं राहायचं, आणि विषय शिकवणाऱ्या सरांनी काढलेल्या चाचणीचे साठ पेपर तपासायचे. बाकीचे असिस्टंट लाल गोल काढून मोकळे होत. मी मात्र जिथं मार्क कापला तिथं समासात दोन ओळी लिहायची, का कापला ते. पेपर इंग्रजीत असला तरी माझ्या ओळी मराठीत. इंग्रजीत लिहिलं की पोरं वाचत नाहीत, नुसता आकडा बघून पेपर घडी करून खिशात घालतात.

त्या ओळींचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. सर एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले होते, "यांची नोट वाचली की पोरगा भांडायला येत नाही." ते वाक्य मी आठवडाभर मिरवलं.

आणि मग ती आली. भांडायलाच.

ती वणीची. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, आता तिसऱ्या वर्षात होती. तिच्या वडिलांचं वणीहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रोडवर टायरचं दुकान. कोळशाचे ट्रक दिवसभर तिथं थांबतात, हवा भरतात, टायर फिरवून घेतात. ही पोरगी हातात हवेचा दाब मोजायचं गेज धरूनच मोठी झालेली. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, प्रश्न विचारायची नाही, पण प्रॅक्टिकलला नट कोणत्या पान्यानं निघेल हे तिला न बघता कळायचं. मला ती मनातून आवडायची. पण आवडणं आणि मार्क यांचा संबंध नाही, हेही मी मनाशी घट्ट धरून होते.

प्रश्न दहा मार्कांचा होता, वायूंच्या प्रवाहावरचा. एक टाकी आहे, तिच्यात दाबून हवा भरलेली. टाकीवरचं गेज दीडशे किलोपास्कल दाखवतं. बाहेरच्या हवेचा दाब शहाण्णव किलोपास्कल. हा आकडा सरांनी मुद्दाम यवतमाळचा घेतला होता, आपण समुद्रापासून उंचावर आहोत म्हणून थोडा कमी. टाकीत तापमान सत्तावीस अंश. टाकीला एक निमुळतं नोझल, त्याचं तोंड एक चौरस सेंटिमीटर. सहा मार्कांना विचारलं होतं की सेकंदाला किती हवा बाहेर पडते. आणि चार मार्कांना, टाकी रिती होत जाईल तसं गेज किती दाखवेपर्यंत हा प्रवाह 'चोक' राहील.

चोक म्हणजे काय, ते साधं आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा पुरेसा जास्त असला की नोझलच्या तोंडाशी हवा आवाजाच्या वेगाला पोचते आणि तिथंच अडते. मग बाहेरचा दाब आणखी कमी केला तरी जास्त हवा निघत नाही. हे होतंय की नाही ते बघायला बाहेरच्या दाबाला आतल्या दाबानं भागायचं. हवेसाठी उत्तर शून्य पूर्णांक पाचशे अठ्ठावीस किंवा त्याहून कमी आलं तर चोक, जास्त आलं तर नाही. दोन्ही दाब मात्र खऱ्या शून्यापासून मोजलेले पाहिजेत. त्यालाच ॲब्सोल्युट दाब म्हणतात. गेज ते दाखवत नाही. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे ते दाखवतं. म्हणून दीडशेत शहाण्णव मिळवायचे, दोनशे शेहेचाळीस होतात. शहाण्णव भागिले दोनशे शेहेचाळीस, एकोणचाळीस शतांश. प्रवाह चोक. सेकंदाला सत्तावन्न ग्रॅम हवा.

तिनं काय केलं, तर शहाण्णवला सरळ दीडशेनं भागलं. चौसष्ट शतांश. चोक नाही. मग चोक नसलेल्या प्रवाहाचं सूत्र घेतलं, आणि ते अगदी बरोबर सोडवून सेकंदाला चौतीस ग्रॅम असं उत्तर काढलं. गंमत म्हणजे तापमानात तिनं दोनशे त्र्याहत्तर न चुकता मिळवले होते. दाबातलेच तेवढे राहिले.

दुसऱ्या भागात तिनं शहाण्णवला पाचशे अठ्ठावीस सहस्रांशांनी भागलं, एकशे ब्याऐंशी आले. तेही बरोबर. पण तो ॲब्सोल्युट दाब. त्यातून शहाण्णव वजा केले की गेजवर शहाऐंशी दिसायला पाहिजे. तिनं लिहिलं, गेज एकशे ब्याऐंशीच्या वर असलं तरच चोक, इथं तर सुरुवातीलाच दीडशे आहे, म्हणून हा प्रवाह कधीच चोक नव्हता.

मी पहिल्या भागाचे चार मार्क कापले आणि समासात लिहिलं, "एक दाब गेज, दुसरा ॲब्सोल्युट. मिसळले. गेजवर शून्य म्हणजे टाकी खाली नव्हे. आत बाहेरच्याइतकी हवा असतेच. ९६ मिळवायचे राहिले." दुसऱ्या भागाचे दोन कापले आणि लिहिलं, "पुन्हा तीच चूक."

एकूण सहा गेले. पेपर गठ्ठ्यात टाकला आणि चहा प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात पेपर नुसते बघायला दिले आणि परत घेतले, यादी गेल्यावर वाटायचे म्हणून. अकराच्या सुमारास ती माझ्या टेबलाशी उभी, गठ्ठ्यातून आपला पेपर काढून. आमची बसायची जागा म्हणजे रेफ्रिजरेशन लॅबच्या बाजूची एक खोली, मध्ये काचेची भिंत. मार्च संपत आला होता आणि कूलर नुसती गरम हवा फेकत होता.

"मॅडम, हे तुमी चुकीचं लिहिलं," ती म्हणाली.

मी दिग्रसची. माझे वडील कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होते, घरात आम्ही सगळे मशीन चालू असल्यासारखंच बोलतो. त्यात माझा स्वभाव तापट. मी पेन खाली ठेवलं.

"काय चुकीचं लिहिलं?"

"गेजवर शून्य म्हणजे टाकी खाली नव्हे, असं लिहिलं तुमी. खालीच असते नं. काटा शून्यावर आला की टायर खाली. आमच्या दुकानात अब्बू लहानपणापासून हेच सांगून राह्यले. ट्रकवाला येते, गेज लावते, शून्य दिसते, मंग म्हणते, खाली झालं, भर."

"मग अब्बूंना जाऊन विचार मार्क."

हे मी बोलायला नको होतं. बोलल्याबरोबर मला कळलं. तिचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला.

"अब्बूले नाही विचारत मॅडम. तुमाले विचारून राह्यली. कारण मले दोन मार्क पाह्यजे."

"सगळ्यांना पाहिजेत."

"सगळ्यायची टर्म नाही जाऊन राह्यली."

तेव्हा मी तिच्या पेपरवरचा आकडा नीट बघितला. पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी आठ होते, या चाचणीत सहा. झाले चौदा. दोन्ही मिळून सोळा लागतात, नाहीतर त्या विषयाची टर्म ग्रँट होत नाही, परीक्षेला बसता येत नाही, आणि तो विषय पुढच्या वर्षी परत. परत म्हणजे तिच्यासाठी अख्खं वर्षच, कारण चौथ्या वर्षाचे दोन विषय याच्यावर अडकलेले. यादी त्याच दिवशी पाच वाजता ऑफिसला जायची होती.

"मार्क मागून मिळत नाहीत," मी म्हटलं. "आणि तुझं चुकलंच आहे. बस. सांगते."

ती बसली नाही. उभीच राहिली, हात टेबलावर टेकून. मी कागद ओढला. तिनं आधीच विचार केलेला होता, हे मला तिच्या पहिल्याच वाक्यावरून कळलं.

"मॅडम, पाण्याच्या युनिटले तुमीच सांगितलं होतं की गेज घ्या का ॲब्सोल्युट घ्या, उत्तर तेच येते. माह्या वहीत हाय. मंग मी दोन्ही गेज घ्यायले पाह्यलं. तं बाहेरचा आला शून्य. शून्य भागिले दीडशे, शून्य. हे काई बरोबर नाही वाटलं. म्हणून प्रश्नात छापलेले शहाण्णव घेतले."

म्हणजे तिला शंका आली होती. पण शंका आल्यावर तिनं चुकीचं दार उघडलं. आणि त्या दाराशी तिला अर्ध्यापर्यंत मीच नेऊन सोडलं होतं. पाण्याच्या ट्युटोरियलला मी तसं म्हटलं होतं, आणि ते खरंही होतं. पण का खरं होतं, ते सांगायचं मी टाळलं होतं, कारण तास संपत आला होता.

"पाण्याला दोन दाबांमधला फरक लागतो," मी म्हटलं. "फरक कुठूनही मोजला तरी तेवढाच. इथं भागाकार आहे. भागाकाराला शून्य खरंच शून्य लागतं. विहिरीच्या पायऱ्यांवर दोघी बसल्यात समज. दोघींमध्ये किती पायऱ्या, हे वरून मोज की तळापासून मोज, तेच येईल. पण एक दुसरीच्या किती पट उंचावर बसली आहे, हे विचारलं तर तळापासूनच मोजावं लागेल. आणि एकीचं वरून अन् दुसरीचं तळापासून मोजलं तर फरकही चुकणार आणि पटही."

"अन् तळ कोठी हाय?"

"जिथं हवाच नाही तिथं."

"तेच तं म्हणून राह्यली. खाली."

आता मला हसूही येत होतं आणि रागही. आमच्याकडे 'खाली' म्हणजे रिकामं, आणि 'खाली' म्हणजे वरच्याच्या उलटंही. ती दुकानातलं खाली बोलत होती, मी पुस्तकातलं रिकामं बोलत होते, आणि दोघींचा एकमेकींवर काडीचा विश्वास नव्हता. कागदावर हे सुटणार नाही हे मला दिसलं.

"चल," मी म्हटलं, आणि तिला लॅबमध्ये नेलं.

रेफ्रिजरेशन लॅबमध्ये एक जुना गॅसचा छोटा सिलिंडर पडून असायचा, गॅस कधीच सोडलेला. मी त्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून तिला दाखवला. फस्स नाही, काही नाही.

"खाली आहे का हा?"

"हाव. खाली."

त्याला मी लॅबमधलं निळं गेज जोडलं, फ्रिजवाले वापरतात ते. काटा शून्यावर. पण या गेजचं एक असतं, शून्याच्या पलीकडेही आकडे असतात, उलट्या दिशेनं तीसपर्यंत, पाऱ्याच्या इंचांत. टायरच्या गेजला ते नसतात. शून्याशी एक छोटी खुंटी असते आणि काटा तिथं टेकून थांबतो. आयुष्यभर तिनं ती खुंटीच पाहिलेली.

मग मी व्हॅक्युम पंप लावला आणि तिला म्हटलं, पंपाच्या बाहेरच्या तोंडावर तळहात धर. पंप सुरू केला. तिनं हात धरला आणि झटकन मागे घेतला, परत धरला.

"हवा येऊन राह्यली," ती म्हणाली.

"कुठून येते?"

ती गेजकडे बघत होती. काटा शून्य सोडून मागे सरकत होता, पाच, दहा, वीस. तळहातावरची हवा कमी कमी होत गेली. काटा अठ्ठाविसाच्या आसपास पोचला आणि तिथं थांबला. पुढं जाईना.

"तीस काहून नाही झाले?" तिनं विचारलं.

सांगते, या प्रश्नावर मला तिला मिठी मारावीशी वाटली. साठ पोरांमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नसता.

"तीस समुद्रकाठी होतील, जवळपास. यवतमाळात हवाच तेवढी आहे. अठ्ठावीसच्या थोडं वर. तेच तुझे शहाण्णव किलोपास्कल."

तिनं ओढणीच्या टोकानं कपाळ पुसलं. 

"म्हणजे दुकानात जे खाली टायर म्हणतो," ती हळू म्हणाली, "त्याच्यात इतकी हवा असते."

"असते. बाहेर तेवढीच असते म्हणून गेजला दिसत नाही. गेज खोटं बोलत नाही, अब्बूही खोटं बोलत नाहीत. ट्रकला किती भरायची हे त्यांना कळायला पाहिजे, तेवढं ते गेज बरोबर सांगतं. पण या गणिताला ते पुरत नाही."

"कळलं," ती म्हणाली. "शहाण्णव मिळवायले पाह्यजे होते. माहीच चूक हाय."

मी पंप बंद केला. मनातून फुलले होते, मान्य करते. मला वाटलं, हेच शिकवणं. आता ही पोरगी जन्मात गेज आणि ॲब्सोल्युट मिसळणार नाही, आणि टर्म गेली तरी निदान शिकून गेली. असा उदार विचार करायला मला काही मोजावं लागत नव्हतं. वर्ष तिचं जात होतं.

ती टेबलाशी परत आली, पेपर उचलला, आणि निघेल असं वाटलं. पण ती निघाली नाही. तिनं दुसऱ्या भागावर बोट ठेवलं.

"मॅडम, मंग हे दोन मार्क काहून कापले?"

"लिहिलंय की तिथं."

"हाव. तुमी लिहिलं, पुन्हा तीच चूक." तिनं 'तीच' वर बोट टेकवलं. "तीच हाय नं? दुसरी नाही नं? गेजले ॲब्सोल्युट समजली, म्हणून पह्यल्यात चार गेले. ते समजून घेतलं तं दुसऱ्यातलं माहं सगळं बरोबर हाय. भागाकार बरोबर, एकशे ब्याऐंशी बरोबर. दीडशे त्याच्याहून कमी, म्हणून चोक नाही, हेबी पह्यल्या उत्तराशी जुळून राह्यलं. एका चुकीचे मार्क दोनदा कसे?"

मी पेपर ओढून दुसरा भाग परत वाचला.

पहिला विचार आला तो चांगला नव्हता. तो असा, की ही पोरगी लॅबमध्ये माझ्याकडून शिकली आणि आता माझ्याच शब्दानं मला धरते. दुसरा विचार आला, की दुसऱ्या भागात गेजवर किती दिसेल असं स्पष्ट विचारलं होतं, म्हणजे तिथं वजा करणं ही वेगळी पायरी आहे, ती वेगळी चुकली. मी ते बोललेही.

"वेगळी हाय तं तुमी तीच काहून लिहिलं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"जा आता," मी म्हटलं. "तीन वाजता ये. बघते."

ती पेपर टेबलावर ठेवून गेली. मी सरांनी दिलेला मार्कांचा तक्ता काढला. पहिल्याच पानावर, माझ्या हातात दहा वेळा येऊन गेलेल्या पानावर, तळाला सरांच्या अक्षरात होतं की एका चुकीचे मार्क एकदाच कापावे, पुढचं त्या उत्तराला धरून तपासावं. मी ते वाचलं होतं. पहिले वीस पेपर तसेच तपासलेही होते. पुढं 'पुन्हा तीच चूक' हे इतकं झटपट लिहिता येत होतं, आणि इतकं ठणठणीत वाटत होतं, की लिहिताना हात थांबला नाही. चूक ओळखल्याच्या आनंदात मी त्याच चुकीला पुन्हा पुन्हा शिक्षा देत गेले.

डबा तसाच राहिला. मी साठही पेपर परत काढले. अकरा जणांनी दाब मिसळले होते. त्यातल्या पाच जणांचे मी दोनदा कापले होते, तिला धरून. बाकी चौघांना दोन मार्क मिळाले काय, न मिळाले काय, टर्मला फरक पडत नव्हता. त्यांना पत्ताही लागला नसता. तरी पाचही पेपर वेगळे काढले आणि सरांकडे गेले.

सर शांतपणे ऐकून घेतात. ऐकताना चष्मा काढून पुसतात. पाचही पेपर त्यांनी चाळले, तिचा सर्वात शेवटी.

"बरोबर म्हणते पोरगी," ते म्हणाले. "द्या दोन-दोन."

मग त्यांनी कपाटातून फेरतपासणीचं रजिस्टर काढलं. मार्क एकदा लागले की बदलायला त्यात नोंद करावी लागते, जुने मार्क, नवे मार्क, कारण, तपासणाऱ्याची सही. सरांनी पान उघडून माझ्याकडे सरकवलं आणि आवाज जरा कमी केला.

"कारणात लिहा, बेरजेची चूक. सगळे तेच लिहितात. तुमच्या असिस्टंटशिपचं पुढच्या सेमिस्टरचं रिन्यूअल आहे. वर एच.ओ.डी. हे रजिस्टर बघतात, पाच-पाच पेपर तपासणीत चुकले असं दिसलं तर उगाच प्रश्न येतील."

ते माझ्या भल्याचं बोलत होते, आणि चूक लपवत नव्हते, मार्क तर देतच होते. मीही मागची पानं चाळली. खरंच, पानोपानी बेरजेची चूक. या कॉलेजात कोणालाच बेरीज येत नाही असं वाटावं इतकी. मी पेन उघडलं आणि बाकी चौघांचं मागे ठेवून आधी तिची ओळ लिहायला घेतली. जुने मार्क सहा, नवे आठ.

तेवढ्यात दारात ती आली. तीन वाजले होते. सरांनी तिला आत बोलावलं.

"तुझे दोन मार्क वाढले," सर म्हणाले. "सोळा झाले. टर्म ग्रँट आहे."

मला वाटलं ती रडेल, किंवा थँक्यू म्हणेल. ती टेबलाच्या पलीकडे उभी राहून माझ्या पेनाकडे बघत होती. मी कारणाच्या रकान्यावर पेन टेकवून बसले होते आणि पेन पुढं सरकत नव्हतं. सकाळी मी तिला म्हटलं होतं, तुझं चुकलंच आहे. ठसक्यात म्हटलं होतं. ती लॅबमध्ये काट्याकडे बघून म्हणाली, माहीच चूक हाय. वर्ष जात असताना म्हणाली. आणि माझं तर फार तर एक सेमिस्टर जात होतं.

मी लिहिलं, "बेरीज बरोबर होती. एकाच चुकीचे मार्क मी दोनदा कापले." तीच ओळ खाली चारदा लिहिली, प्रत्येक नावापुढं. 'वरीलप्रमाणे' लिहिलं नाही. पाच सह्या केल्या.

सरांनी वाचलं. चष्मा पुसला. "बरं," एवढंच म्हणाले, आणि यादीत तिच्या नावापुढचा चौदा खोडून सोळा केला. तिचा पेपर तिच्या हातात दिला.

आम्ही दोघी बाहेर आलो. व्हरांड्यात ऊन पार भिंतीपर्यंत आलं होतं. तिची पाच वाजताची वणीची एसटी होती, तरी ती घाईत नव्हती.

"आता तरी खूश?" मी विचारलं. जरा कुजकटच विचारलं. स्वभाव एका दिवसात जात नाही.

"मॅडम, पह्यल्या भागाचे चार मार्क," ती म्हणाली.

माझं डोकं परत सणकलं. म्हटलं, आता तेही मागते की काय.

"ते मिळणार नाहीत. ते गेले."

"हाव, ते जाऊ द्या," ती म्हणाली. "ते माह्या चुकीचे गेले. दोन तुमच्या चुकीचे होते, तुमी लिहून देल्ले. बाकीचे चार मी कोणाले नाही मागत."

आणि पेपर घडी न करता, सरळ, वहीच्या मध्ये ठेवून ती एसटी स्टँडकडे गेली.